रजेच्या अर्जातले ‘सिन्स’

आज सकाळी शेजारच्या वहिनी मुलाच्या वर्गशिक्षिकांना द्यायचा रजेचा इंग्रजी अर्ज तपासण्यासाठी घेऊन आल्या. वहीच्या पानावर दोनदा खोडून त्यांनी लिहिले होते, ‘माय सन इज सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स थ्री डेज.’

ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. ती थेट आपल्या मराठीतून येते. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘तीन दिवसांपासून’ही म्हणतो, दोन्हीकडे ‘पासून’ चालते आणि क्रियापद वर्तमानकाळातच राहते. इंग्रजीत मात्र सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स मंडे’ आणि कालावधी सांगायचा असेल तर ‘फॉर थ्री डेज’ असे लिहावे लागते, आणि आजार अजून चालू असल्यामुळे ‘इज’ऐवजी ‘हॅज बीन’ येते. म्हणून वाक्य झाले, ‘माय सन हॅज बीन सफरिंग फ्रॉम फीव्हर फॉर थ्री डेज.’

स्पेलिंगची एकच चूक होती, पण ती विषयाच्या ओळीतच होती. ‘लीव्ह’मध्ये ‘एल’नंतरच्या ‘ई’ आणि ‘ए’च्या जागी नुसता ‘आय’ आला होता, त्यामुळे रजेऐवजी जगण्याचा अर्ज झाला होता. संगणकाची तपासणीही इथे लाल रेघ ओढेलच असे नाही, कारण तोही शब्द खराच आहे. शेवटच्या ‘युवर्स’मधला वरचा स्वल्पविरामही काढला, तो तिथे कधीच येत नाही.

वहिनींनी नव्या पानावर सगळा अर्ज स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिला, आणि ‘फॉर’पाशी क्षणभर थांबून मला विचारले, “म्हणजे सोमवार लिहिला असता, तर माझे ‘सिन्स’ बरोबर होते ना?” अगदी बरोबर होते.