कंपोझिटचे दरपत्र: चौथा मसुदा आणि ‘बदल’ या शब्दाने घातलेला घोळ

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी काढलेल्या एका कुटुंबातल्या सहा जणांच्या फोटोत त्या घरातल्या दिवंगत वडिलांना बसवण्याचे, म्हणजे कंपोझिटचे, जे काम मागच्या नोंदीत सांगितले होते, ते या आठवड्यात तसूभरही पुढे गेले नाही. पुढे गेले ते हे काम देणाऱ्या धरमपेठेतल्या काकूंना पाठवायचे दरपत्र, आणि तेही चौथ्या मसुद्यात. वडिलांचा एकच फोटो उपलब्ध आहे, लग्नात समोरून फ्लॅश मारून काढलेला चार बाय सहाचा प्रिंट. त्यात त्यांनी फेटा बांधलेला असल्यामुळे केसांच्या मास्कची, म्हणजे बारीक केस पार्श्वभूमीपासून वेगळे काढण्याची, कटकट वाचली, याचा आनंद मी दोन दिवस मनसोक्त उपभोगला.

किंमत लिहायला वेळ लागला नाही. स्कॅन व डागसफाई एक तास, पेन टूलने कटआउट एक तास, फ्लॅशचा सपाट उजेड मोडून डावीकडून येणारा संध्याकाळचा उजेड रंगवायला चार तास, सावली, रंग व ग्रेन मिळून दोन तास, असे आठ तास ताशी साडेचारशेने धरून 3,600 रुपये लिहिले आणि निम्मी रक्कम आगाऊ मागितली. मुदत सात कामाचे दिवस; मात्र ते फोन झाल्या दिवसापासून नव्हे, तर मूळ प्रिंट माझ्या हातात पडल्यापासून मोजायचे. मोबाइलने प्रिंटचा फोटो काढून पाठवला, तर त्यावर काम करणार नाही, हेही स्पष्ट लिहिले. मूळ प्रिंट 600 डीपीआयने स्कॅन केल्यावरही चेहरा साधारण 280 पिक्सेल उंच मिळेल, आणि शेजारच्यांचे चेहरे 420 च्या आसपास आहेत. म्हणजे वडिलांना दीडपट मोठे करावे लागणार. स्कॅनरचा आकडा वाढवून तपशील वाढत नाही, फक्त कागदाचा पोत ठळक होतो. म्हणून ‘वडिलांचा चेहरा इतरांपेक्षा किंचित मऊ दिसेल’ हे वाक्य मी पत्रातच घातले.

खरा घोळ घातला तो ‘दोन वेळा बदल विनामूल्य’ या ओळीने. याच ओळीवर मागे एका ग्राहकाने पहिल्या वेळी ‘चेहरा थोडा उजळ करा’ असे सांगितले आणि दुसऱ्या वेळी ‘आजोबांना डावीकडून उजवीकडे घ्या’ असे. दोन्ही माझ्या नियमात बसत होते. पहिल्याला पाच मिनिटे लागली, दुसऱ्याला अख्खी दुपार. माणूस जागेवरून हलला की पायाखालची सावली, शेजाऱ्याच्या खांद्यामागे जाणारी कड आणि अंगावर रंगवलेला उजेड, हे सगळे जुन्या जागेचेच राहते व पुसून नव्याने करावे लागते. दुसऱ्या मसुद्यात बदलांची संख्या एकवर आणली, तिसऱ्यात ताशी दर लावला. पण संख्या कितीही ठेवली तरी दुखणे कायम राहिले, कारण मी बदल मोजत होतो आणि मोजायला हवे होते ते बदल कोणत्या टप्प्यावर येतो ते.

उलगडा झाला तो लेअरची, म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांची, यादी समोर ठेवल्यावर. उजळपणा, रंग असे जे ॲडजस्टमेंट लेअरमध्ये, म्हणजे खालच्या चित्राला हात न लावणाऱ्या थरात, बसते ते शेवटपर्यंत फुकटात बदलता येते. जे ब्रशने रंगवलेले आहे ते जागेला बांधलेले असते. काकूंना लेअर सांगून उपयोग नव्हता, म्हणून चौथ्या मसुद्यात असे लिहिले:

‘प्रथम मी आपणांस कच्चे चित्र दाखवीन. त्यात वडिलांची जागा, उंची आणि कोण पुढे, कोण मागे, एवढेच पाहावे. ते चिकटवल्यासारखे दिसतील, त्याची काळजी करू नये. या टप्प्यावर जागा हवी तितक्या वेळा बदलून देईन. आपण होकार कळवल्यानंतर जागा पक्की होईल व ती पुन्हा बदलायची झाल्यास 1,800 रुपये आणि तीन दिवस अधिक लागतील. अंतिम चित्रात उजळपणा, रंग व बारीक डाग यांचे बदल दोन वेळा करून देईन. प्रत्येक वेळी घरातल्या सर्वांच्या सूचना एकत्र करून एकाच यादीत पाठवाव्यात.’

हे लिहीत असतानाच लक्षात आले की रंगाचा होकार मोबाइलच्या पडद्यावर घेणे धोक्याचे आहे, कारण घरातल्या चार मोबाइलवर चार रंग दिसतात. म्हणून अंतिम रंगासाठी, मोठा प्रिंट ज्या लॅबमध्ये निघणार आहे तिथूनच त्याच कागदावर एक छोटा नमुना काढून दाखवायचे ठरवले आणि सातचे आठ दिवस केले. सीताबर्डीतल्या ज्या लॅबने मला न विचारता फायलीवर आपली रंगदुरुस्ती चालवली होती, तिच्याकडे हे काम जाणार नाही. आता प्रत्येक फाइलसोबत ‘कोणतीही दुरुस्ती करू नये’ अशी चिठ्ठी देतो.

काल सकाळी पत्र पाठवले. दर, मुदत, पक्की जागा, सगळे काकूंना मान्य झाले. त्यांनी एवढेच विचारले, ‘यांचा फेटा काढून नेहमीसारखे केस दाखवता येतील ना?’ प्रिंटमध्ये फेट्याखाली केस नाहीतच, त्यामुळे साधारण त्याच कोनातून काढलेला दुसरा फोटो मिळेपर्यंत ते शक्य नाही, आणि मिळाला तर कटआउटचा एक तास पुरणार नाही. पाचव्या मसुद्यात ‘मूळ फोटोत जे दिसत नाही’ असा स्वतंत्र परिच्छेद येतो आहे.