शब्दकोडे ३.० : एका घरात एक अक्षर, मग ते क असो वा र्त्स्न्य

मंडळी, ३.० आवृत्ती आजपासून सर्वांसाठी खुली आहे. दिसायला फारसं काही बदललेलं नाही. रंग तेच, काळी घरं तीच, आडवे-उभे शब्दही नेहमीच्या जागी. बदल झालाय तो घरात काय मावतं, कर्सर पुढे कधी सरकतो आणि ‘बरोबर’ कशाला म्हणायचं, यात. कोडी सोडवणाऱ्यांनी शेवटचा जुन्या कोड्यांविषयीचा भाग वाचल्याशिवाय ॲप उघडू नये. रचणाऱ्यांनी सगळंच वाचावं.

आधी घरांविषयी. आपल्या वर्तमानपत्री कोड्यांची रीत पक्की आहे: जोडाक्षर कितीही मोठं असलं तरी त्याला घर एकच. ‘क्षत्रिय’ला तीन घरं, ‘स्त्री’ला एक. संगणकाच्या लेखी मात्र ‘क्षत्रिय’ म्हणजे आठ तुकडे: क, पाय मोडायचं चिन्ह, ष, त, पुन्हा पाय मोडायचं चिन्ह, र, वेलांटी, य. या आठातून तीन घरं करायचं काम आजवर ब्राउझरमधल्या `Intl.Segmenter` वर सोपवलेलं होतं. गोची अशी की युनिकोडच्या जुन्या नियमात पाय मोडला की अक्षर तिथेच तुटायचं, म्हणजे क्, ष, त्, रि, य अशी पाच घरं. सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं एकसंध धरण्याचा नियम आला आणि तीच घरं तीन झाली. कोणाच्या फोनमधला ब्राउझर कोणता नियम पाळतो, हे आपल्या हातात नाही. त्यामुळे एकच कोडं एकाला नीट दिसायचं आणि दुसऱ्याला शब्द चौकटीबाहेर गेलेला दिसायचा. फायरफॉक्समध्ये तर ही सोयच एप्रिल २०२४ मध्ये आली, त्याआधीच्या फायरफॉक्सवर ॲप उघडतच नसे.

३.० मध्ये ब्राउझरला विचारणंच बंद केलं. घरं आता ॲप स्वतः पाडतं, आणि त्यासाठी एक ओळ पुरते:

```js
const GHAR = /(?:[\u0915-\u0939]\u094D\u200D?)*[\u0904-\u0939\u0972][\u0901-\u0903\u093C\u093E-\u094D]*/g;
"क्षत्रिय".match(GHAR);  // ["क्ष", "त्रि", "य"]
```

डावीकडून वाचायचं तर: पाय मोडलेली व्यंजनं हवी तितकी, मग एक पूर्ण अक्षर, मग काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वार जे असेल ते. ‘अर्थात्’मधला शेवटचा त् पुढे काहीच नसल्यामुळे आपलं घर घेऊन स्वतंत्र राहतो, ते आपल्याला हवंच आहे. हे सगळ्या भारतीय लिप्यांना चालणार नाही. मराठी कोड्यांपुरतं पुरे आहे.

याच्याच जोडीने घरातलं अक्षर आता रुंदी मोजून लहान होतं. ‘कार्त्स्न्य’ला दोन घरं: का आणि र्त्स्न्य. लहान फोनवर हे दुसरं अक्षर शेजारच्या घरात शिरायचं. आता शिरत नाही. असा शब्द कोड्यात घालणाऱ्यांबद्दल माझं मत वेगळं आहे, पण सोय केली आहे.

आता कर्सर. सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. इंग्रजी कोड्यात एक कळ दाबली की एक घर भरलं, कर्सर पुढे. आपल्याकडे ‘क’ दाबल्यावर अक्षर झालं की नाही हे कोणालाच ठाऊक नसतं. पुढे काना येईल, पाय मोडून ष येईल, किंवा काहीच येणार नाही. आधीच्या आवृत्तीत थोडा वेळ थांबून कर्सर आपोआप पुढे जायचा. भरभर टायपणाऱ्यांना ते चालायचं. सावकाश टायपणाऱ्यांचा काना मात्र पुढच्या रिकाम्या घरात जाऊन पडायचा आणि तिथे ठिपक्यांचं वर्तुळ दिसायचं.

३.० मध्ये वेळेचा संबंध काढून टाकला आहे. कर्सर त्याच घरात थांबतो. पुढची कळ काना, मात्रा, अनुस्वार किंवा पाय मोडायचं चिन्ह असेल तर ती त्याच घरात जाते. पुढची कळ व्यंजन असेल तर ॲप एवढंच पाहतं की आधीच्या अक्षराचा पाय मोडलेला आहे का. असेल तर जोडाक्षर, त्याच घरात. नसेल तर कर्सर आधी पुढच्या घरात जातो आणि व्यंजन तिथे उमटतं. ‘दऱ्या’ टायपून पाहा: ‘द’ पहिल्या घरात, ‘ऱ’ची कळ दाबताच कर्सर दुसऱ्या घरात, आणि पाय, य, काना सगळे तिथेच. स्वर आला की नेहमी नवं घर. हलन्तानंतर नवं घरच हवं असेल, म्हणजे ‘जगत्’सारखा शब्द उभ्या ओळीत संपून तुम्हाला दुसरीकडे जायचं असेल, तर बाणाची कळ दाबा किंवा त्या घरावर टिचकी मारा.

अँड्रॉइडवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथले बरेचसे कीबोर्ड कोणती कळ दाबली ते ॲपला सांगत नाहीत, सगळ्या कळांना २२९ हाच आकडा पाठवतात आणि शब्द जुळवून झाला की मजकूर देतात. रोमनमधून मराठी टायपणाऱ्यांचा तर अख्खा शब्द एकदम येतो. आता तो आला की ॲप त्याची घरं पाडून ओळीत ओततं. ‘kshatriya’ लिहून ‘क्षत्रिय’ निवडलंत की तिन्ही घरं एकदम भरतात. शब्द घरांपेक्षा लांब असेल तर काहीच भरत नाही, ओळ नुसती हलते. अर्धवट भरून पुढचा आडवा शब्द बिघडवण्यापेक्षा हे बरं.

मागची कळ आता एकेक चिन्ह खोडते: ‘त्री’वर एकदा दाबली तर वेलांटी जाते, ‘त्र’ राहतो. दाबून धरली तर घर रिकामं.

यापुढचा बदल डोळ्यांना दिसतच नाही, आणि तक्रारी सगळ्यात जास्त त्याच्याच होत्या. सूचना होती ‘सह्याद्रीत या खोल असतात’, उत्तर ‘दऱ्या’, घरं दोन. सोडवणाऱ्याने ‘दऱ्या’च लिहिलं, घर लाल. पडद्याचा फोटो पाहिला तर अक्षर न् अक्षर सारखं. कारण आतलं लिखाण वेगळं होतं. हा अर्धा ऱ दोन प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड ऱ, म्हणजे U+0931, घेऊन त्याचा पाय मोडतात. काही साधा र, पाय मोडायचं चिन्ह आणि त्यामागे U+200D हे अदृश्य जोडचिन्ह टाकतात. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत, दिसतातही सारखी, पण युनिकोडचं नेहमीचं NFC हे सामान्यीकरण या दोघांना एक करत नाही.

अशा वेळी हात सहज जातो तो सगळी अदृश्य चिन्हं काढून टाकण्याकडे. ते मराठीत मुळीच करायचं नाही. ‘दर्‍या’मधलं जोडचिन्ह काढलं की उरतं ‘दर्या’, म्हणजे दरीऐवजी समुद्र. तसंच आचारी लोकांसाठी ठेवलेलं जेवण आचार्यांच्या पानात जातं. म्हणून आधी जोडचिन्हासकट ओळखायचं आणि मग बदलायचं:

```js
s.normalize("NFC").replace(/\u0930\u094D\u200D/g, "\u0931\u094D")
```

हे झाल्यावर उरलेली जोडचिन्हं काढली तर बिघडत नाही. ‘ॲ’चीही तीच कथा: U+0972 हा एक, अ वर चंद्र हा दुसरा, आणि हिंदी कीबोर्डावरचा ऍ तिसरा. तिन्ही आता U+0972 होतात. पण दर्या आणि दऱ्या एकमेकांच्या जागी चालत नाहीत, चालणारही नाहीत.

ऱ्हस्व-दीर्घाचं काय करायचं यावर मतं दुभंगली होती. काहींना वेलांटीची चूक माफ हवी होती. मला ती सरसकट माफ करणं पटत नाही, कारण ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘शिर’ आणि ‘शीर’ हे वेगळे शब्द आहेत आणि चांगला कोडेकार नेमकं तिथेच पकडतो. पण वेलांटी चुकली म्हणून ‘क’च्या जागी ‘म’ लिहिल्यासारखा लाल रंग दाखवणंही जाचक. आता फक्त वेलांटी किंवा उकार चुकला असेल तर घर पिवळं होतं. गुण मिळत नाहीत, पण शब्द योग्य दिशेने आहे हे कळतं. हे बंद करायची कळ सेटिंगमध्ये ‘कडक तपासणी’ नावाने आहे.

रचणाऱ्यांसाठी एक नवी सूचना दिसेल. ‘चंपा’ लिहा किंवा ‘चम्पा’, घरं दोनच. पण पहिल्यात ती चं आणि पा, दुसऱ्यात च आणि म्पा. उभा शब्द त्या घरातून जात असेल तर सगळं फिसकटतं. म्हणून अनुनासिकानंतर त्याच वर्गातलं पहिल्या चारांपैकी अक्षर आलं, जसं न्त, म्प, ण्ड, तर ॲप ‘अनुस्वार हवा का?’ असं विचारतं. ‘जन्म’ किंवा ‘अन्न’ यांना ते हात लावत नाही. विचारतं फक्त, स्वतःहून बदलत नाही.

आता जुन्या, अर्धवट सोडवलेल्या कोड्यांविषयी. त्यांची साठवण घरांच्या जुन्या हिशेबाने होती, ती पहिल्यांदा उघडताना नव्या हिशेबात बदलली जाते. ॲप दुसऱ्या टॅबमध्येही उघडं असेल तर ब्राउझर हा बदल अडवून धरतो आणि तुम्हाला नुसतं फिरतं चाक दिसतं. तेव्हा आधी सगळे टॅब बंद करा, मग एकच उघडा. नवी आवृत्ती आली की नाही हे तळाशी डावीकडे दिसतं. तिथे अजून २.६ असेल तर ३.० उतरून तयार आहे पण जुना टॅब बंद व्हायची वाट पाहते आहे; आता शेजारी ‘नवी आवृत्ती लावा’ अशी कळही येते.

आयफोनवर सफारीतच खेळत असाल तर ॲप होम स्क्रीनवर टाकून घ्या. सफारी वापरात असूनही सात दिवस एखाद्या साइटला हात लागला नाही, तर सफारी तिची तिथली साठवण पुसते. होम स्क्रीनवरच्या ॲपला हा नियम लागत नाही. मात्र होम स्क्रीनवरच्या ॲपची साठवण वेगळी असते, म्हणून टाकण्याआधी ‘प्रत काढा’ वापरून फाइल घ्या आणि तिकडे ‘प्रत आणा’ने भरा.

रचणाऱ्यांच्या यादीत ज्या जुन्या कोड्यांपुढे पिवळा त्रिकोण आहे, त्यांच्यातली घरं नव्या हिशेबात जुळत नाहीत. बहुतेक ठिकाणी कारण पाय मोडलेलं अक्षर वेगळ्या घरात टाकलेलं, हेच आहे. ती उघडा, शब्द पुन्हा टायपा, जतन करा. तोवर ती सोडवणाऱ्यांना दिसणार नाहीत. छापायच्या पानावर पिवळी घरं करड्या रंगात येतात, ते ३.१ मध्ये पाहतो.