दर अडीच तासांनी लॉक होणारं मेल अकाऊंट

आमचं फोंड्याला काजूचं दुकान आहे, ऑर्डरी दुकानाच्या नावाच्या मेलवर येतात. चवथीच्या आधीच्या आठवड्यात काम सोडून गेलेल्या मुलाकडे पासवर्ड होता म्हणून मी रविवारी रात्री तो बदलला, आणि सोमवारी सकाळी सव्वानवाला दुकानात बसून उघडायला गेले तर अकाऊंट तात्पुरतं लॉक, खूप वेळा चुकीचा पासवर्ड टाकला गेला म्हणे. मी तर एकदाही टाकला नव्हता! पहिला विचार हाच आला की त्या मुलानेच काहीतरी केलं.

घाईघाईत दोनदा पासवर्ड टाकून बघितला, बरोबर असूनही घेईना. मग हॉस्टिंगवाल्यांच्या सपोर्टला फोन केला, नंबर गुगलवर शोधून नाही तर त्यांच्या बिलावरचा बघून, कारण सर्चमध्ये खोटे कस्टमर केअर नंबरही वर येतात आणि ते स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला सांगतात. तिथला मुलगा म्हणाला, मॅडम, आमच्याकडे १० चुकीचे प्रयत्न झाले की ३० मिनिटं लॉक, आणि लॉक असताना परत परत प्रयत्न करू नका. मग हात बांधून बसले. दहाच्या सुमारास उघडलं, ऑर्डरी बघितल्या, बरं वाटलं, आणि साडेबाराला परत लॉक.

त्याच वेळी माझ्या पर्सनल मेलवर एक मेल आला, तुमच्या खात्यावर संशयास्पद हालचाल, २४ तासांत व्हेरिफाय करा नाहीतर बंद होईल, खाली निळं बटण. लॉक झालंच होतं त्यामुळे खरंच वाटलं, बोट बटणावर गेलंच होतं. पण पाठवणाऱ्याच्या नावावर टॅप केल्यावर मागचा पत्ता दिसला, त्यात कंपनीचं नाव होतं पण एक अक्षर जास्त. आणि दुकानाच्या खात्याची सूचना माझ्या पर्सनल मेलवर का येईल, मी तर तो कुठे दिलाच नव्हता. डिलीट न करता तसाच ठेवला आणि लॉगिनचं पान ब्राउझरमध्ये पत्ता हाताने टाईप करून उघडलं. मेल खरा असो की खोटा, आपण आपल्या वाटेने गेलं की फरक पडत नाही.

संध्याकाळी सपोर्टवाल्याने चुकलेल्या प्रयत्नांची यादी पाठवली आणि तीच मला महत्त्वाची वाटते. १०:१५, १०:३०, १०:४५, ११:०० असं दर १५ मिनिटांनी, एकच आयपी, म्हणजे इंटरनेट कनेक्शनचा नंबर, आणि समोर लिहिलेलं आयमॅप, म्हणजे मेल अ‍ॅप सर्व्हरवरून मेल आणतं ती पद्धत. माणूस असं घड्याळ लावून पासवर्ड टाकत नाही, कुठलंतरी मेल अ‍ॅप जुना पासवर्ड घेऊन मेल तपासायला येत होतं. तासाला चार म्हणजे १० प्रयत्न अडीच तासांत पूर्ण, मी दहाला लॉगिन केलं आणि साडेबाराला लॉक, हिशेब तंतोतंत जुळला.

रात्री घरच्या वायफायवर बसून आपला आयपी दाखवणारं पान उघडलं, यादीतला नंबर आणि घरचा नंबर एकच! म्हणजे जे काही होतं ते घरातच होतं. (काही कनेक्शनांत एकच आयपी अनेक घरांना असतो, त्यामुळे नुसत्या नंबरावर पक्कं धरू नये, पण पंधरा मिनिटांच्या ठोक्यासोबत पुरेसं होतं.) माझा फोन बघितला, ह्यांचा बघितला, काही नाही. मग आठवलं, जुना टॅब सासूबाईंना कीर्तनं ऐकायला दिलेला, दुकानाचं मेल त्यात मीच तीन वर्षांपूर्वी घातलेलं. सेटिंगमध्ये गेले तर खात्यापुढे लाल उद्गारचिन्ह. सासूबाई म्हणाल्या, अगो, ते तर कालपासून सारखं काहीतरी विचारतंय, मी बंद करते.

टॅबमधून खातं काढलं, अर्धा तास काहीही न करता थांबले, मग एकदाच लॉगिन केलं. त्या मुलावर मी मनात आळ घेतला होता त्याचं वाईट वाटलं. तरी बाकीचं तपासलं, कारण पासवर्ड बदलला तरी कुणी आधी मेल पुढे पाठवायचा नियम लावून ठेवला असेल तर तो तसाच राहतो. फॉरवर्डिंग रिकामं होतं, फिल्टर माझेच. सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट केलं, रिकव्हरीचा मोबाईल नंबर बघितला तर जुन्या सिमचा, तो बदलला, टू-स्टेप चालू केली आणि बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात ठेवले. दुसऱ्या दिवशी साडेबारा वाजून गेले, एक वाजला, मेल उघडंच होतं, आणि त्यात डिचोलीहून दहा किलोची ऑर्डर आलेली.