पहिल्या तिमाहीचा रकाना: सीएसआर अर्जाचा माझा अनुभव

वाचनवर्गांसाठी एका कंपनीकडे सीएसआर निधीचा अर्ज केला, आणि त्यांच्या पोर्टलवरचं लाल फुलीचं चिन्ह अजून डोक्यातून जात नाही. बाकी अर्ज सरळ होता. नोंदणी, १२ए, ८०जी, सीएसआर-१ हे कागद आमच्याकडे तयारच होते. अडलं ते माइलस्टोन प्लॅनमध्ये, म्हणजे कोणत्या तिमाहीत काय साध्य होईल त्या तक्त्यात, आणि त्यातही एकाच रकान्यात: ‘एप्रिल ते जून, साध्य होणारा आकडा’. शून्य टाकलं की पोर्टल पुढे सरकत नाही.

आमची संस्था छोटी. उत्तर नागपुरातल्या वस्त्यांमध्ये तिसरी ते पाचवीच्या मुलांचे संध्याकाळचे वाचनवर्ग घेतो. अर्ज १२० मुलांसाठी होता. कंपनीचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. आमच्याकडे मात्र विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रानंतर, जून संपता संपता उघडतात. तोवर निम्मी वस्ती रिकामी. आमची एक ताई म्हणाली, “सर, पोरं मामाच्या गावाले गेली, वाचायले कोणाले बसवू?” कंपनीच्या मुंबईतल्या अधिकाऱ्यांना फोनवर हे सांगितलं तर उत्तर आलं, “मग ऑनलाइन घ्या ना.” त्यावर मी फोन ठेवून पाणी प्यायलो.

‘जूनपर्यंत ३० मुलं वाचू लागतील’ असं ठोकून द्यायचा मोह होतो. ते टाळा, कारण पुढचा हप्ता त्याच आकड्यावर अडतो. पहिल्या तिमाहीत मुलांची प्रगती मोजता येत नसेल, तर मोजणाऱ्यांची तयारी मोजावी. आम्ही ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या पद्धतीने प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पाच पातळ्या धरतो. दोन ताया एकाच मुलाचं वाचन ऐकतात, पण नोंद वेगवेगळ्या कागदावर, एकमेकींना न दाखवता. गावाला न गेलेली २० मुलं घ्यायची आणि किमान १८ जणांची पातळी दोघींनी सारखीच लिहिलेली असावी, हा झाला जूनचा इंडिकेटर. पुरावा म्हणून त्याच कागदांची जोडी. एक जण अडखळत वाचणाऱ्याला ‘परिच्छेद’ देते आणि दुसरी ‘शब्द’, असं चालू राहिलं तर वर्षअखेरीची प्रगती मुलांची की तपासणाऱ्याच्या मायेची, हे कळणारच नाही. हा आकडा मात्र अधिकाऱ्यांना लगेच पटला. त्यांना आकडा हवा होता, आम्हाला खरा आकडा हवा होता.

दुसरी मारामारी टक्केवारीवर. ‘५० टक्के मुलं परिच्छेद वाचतील’ असं मी लिहिलं होतं आणि शेरा आला: कशाचे ५० टक्के? शेरा चिडवणारा होता, पण रास्त. अर्जाआधी आम्ही ४० मुलांची झटपट चाचणी घेतली होती. त्यात २७ मुलं ‘शब्द’ किंवा त्याखाली निघाली. त्या हिशेबाने १२० पैकी साधारण ८० मुलं, आणि टक्के काढायचे ते यांचेच. आता आमच्या वस्त्यांत भंडारा-गोंदियाकडची बांधकाम मजुरांची कुटुंबं आहेत. ती धान कापणीला गावी जातात आणि सगळी परत येतातच असं नाही. समजा १२ मुलं गेली आणि उरलेल्या ६८ पैकी ३४ परिच्छेदापर्यंत पोचली. ६८ ने भागलं तर बरोबर ५० टक्के, काम फत्ते. मूळ ८० ने भागलं तर साडेबेचाळीस. मुलं जितकी गळतील तितका पहिला आकडा छान दिसतो, म्हणून मी तो घेतला नाही. लक्ष्य ४५ टक्क्यांवर आणलं, म्हणजे मूळ यादीतल्या ८० पैकी ३६, आणि सोडून गेलेल्यांची संख्या स्वतंत्र ओळीत दाखवायची असं लिहिलं. लक्ष्य कमी केल्याने अर्ज पडेल असं आमच्या खजिनदारांना वाटत होतं. पडला नाही. ८० हा अंदाज आहे, खरी यादी ३१ जुलैपर्यंतच्या पहिल्या चाचणीनंतर पक्की होईल आणि ४५ टक्के त्या यादीला लागू राहतील, हे वाक्यही अर्जातच घाला. नंतर घालू देत नाहीत.

हो, मधली चाचणी दिवाळीआधी ठेवा, वर कापणीचं सांगितलंच. आणि शेवटची १५ मार्चच्या आत. ३१ मार्चला कंपनीचं वर्ष संपतं, आणि खर्चाचा दाखला सीएकडून त्या गर्दीत मिळवणं म्हणजे रामनवमीच्या शोभायात्रेतून वाट काढणं. मार्चनंतरही काम चालणार असेल तर प्रकल्प ‘ऑनगोइंग’ धरणार का, हे करारापूर्वी लेखी विचारा. तसा धरला तर न वापरलेला निधी कंपनीला त्या प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवता येतो.

आमच्या अर्जाला मंजुरी मिळाली. पहिला हप्ता मेच्या अखेरीस आला, म्हणजे जूनच्या इंडिकेटरसाठी हातात एक महिना. वीस मुलं शोधायला ताया उन्हं उतरल्यावर सहानंतर निघतात. काल अकरा सापडली होती.