कार्डावर पालाश भरपूर, वहीत मात्र वजा

शेतकऱ्याचा प्रश्न साधा होता. पावसात पंधरा दिवसांची उघडीप पडली की त्याच्या सोयाबीनच्या खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडत आणि दाणा बारीक राही. शेजारच्या गावातल्या तशाच काळ्या जमिनीत असं होत नव्हतं. त्याने जमीन आरोग्य पत्रिका पुढे केली. "मॅडम, कार्डावर तर पालाश भरपूर लिहिलंय. मग कमी कशाचं हाय?"

कार्ड खोटं नव्हतं. उपलब्ध पालाश हेक्टरी ५०५ किलो दाखवला होता आणि २८० च्या पुढे गेला की आपण 'जास्त' म्हणतो. लातूर भागातल्या काळ्या जमिनीत हा आकडा नेहमीचा आहे. त्यामुळेच तिथे पोटॅश, म्हणजे पालाशाचं खत, घालायची शिफारस बहुतेक वेळा होत नाही आणि शेतकरीही घालत नाही. पण कडा पिवळ्या पडणं, तेही जुन्या पानांवर आणि ओल कमी असताना, हे पालाशाकडेच बोट दाखवत होतं. पालाश मुळापर्यंत पोहोचतो तो ओलाव्यातून सरकत, त्यामुळे माती सुकली की त्याचा पुरवठा आधी मंदावतो. मी ठरवलं, मातीला पुन्हा विचारण्याआधी या शेतातून काय गेलं आणि काय आलं ते मांडायचं.

हे जमलं ते त्याच्या आईमुळे. पत्र्याच्या पेटीत त्यांनी आडतीच्या पट्ट्या आणि खताची बिलं वर्षावार बांधून ठेवली होती. जुना एक माती तपासणीचा अहवालही त्यातच निघाला, २००७ चा. इतका सलग लेखाजोखा मला क्वचितच मिळाला आहे. ताळेबंद बहुतेक वेळा "साधारण आठ क्विंटल होतं" अशा अंदाजावर उभा राहतो आणि तिथेच निम्मी चूक शिरते. माणसाला चांगलं साल लक्षात राहतं. पट्टीवर २०१४ आणि २०१५ चे दुष्काळही नोंदलेले असतात.

ओसरीवर बसून आम्ही आधी हद्द ठरवली. ही पायरी बरेच जण गाळतात. घराच्या जनावरांचं शेणखत शेतात आलं तर ती जमा धरायची का? ते जनावर याच शेतातलं भुसकट खात असेल, तर अख्ख्या शेतीच्या हिशेबात ती नवी जमा नाही, पालाश फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला. आम्ही सोयाबीन-हरभऱ्याच्या त्या पाच एकरांच्या तुकड्याचा हिशेब मांडत होतो, म्हणून शेणखत जमेत धरलं आणि भुसकट बाहेर गेलं की खर्चात.

चांगल्या सालाचा हिशेब एकरी असा निघाला. सोयाबीन आठ क्विंटल. सोयाबीनच्या दाण्यात पालाश जवळपास दोन टक्के असतो, म्हणजे सोळा किलो. इथे पालाश म्हणजे खताच्या पोत्यावर लिहितात तो, K₂O च्या रूपातला. प्रयोगशाळा कधी नुसतं K लिहितात आणि त्याला १.२ ने गुणावं लागतं. दोन अहवाल पडताळण्याआधी हे पाहिलं नाही, तर वीस टक्क्यांचा फरक नुसता कागदावरच तयार होतो. हरभरा सहा क्विंटल, त्यातून सात किलो. दाण्याबरोबर मिळून तेवीस किलो गेले.

"आणि भुसकट?" मी विचारलं.

"ते काय, व्यापारी ट्रॉलीनं नेतो. दोन पैसे येतात."

पूर्वी या घरी बैलजोडी होती, ज्वारीचा कडबा गोठ्यात जायचा आणि शेण शेतात यायचं. ट्रॅक्टर आला, बैल गेले, ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. भुसकटाचं वजन पट्टीत नव्हतं. म्हणून खळ्यावर उरलेल्या ढिगाजवळ आम्ही ट्रॉलीचं माप घेतलं, काही पोती भरून तोलली आणि दाण्याच्या वजनाशी प्रमाण लावलं. सोयाबीनचं एकरी नऊ क्विंटल, हरभऱ्याचं सहा. सोयाबीनच्या टरफलात आणि काडीत पालाश दीड टक्क्याच्या आसपास धरला तर तेरा किलो. हरभऱ्याच्या भुसकटात तो थोडा जास्तच असतो, त्याचे दहा. पुन्हा तेवीस! बाजारात दाण्याच्या तुलनेत ज्याला नगण्य भाव आहे, त्या भुसकटाबरोबर दाण्याइतकाच पालाश जात होता. हे आकडे दोन्हीकडे चार-पाच किलोंनी हलू शकतात, पण कितीही हलवले तरी भुसकटाचा वाटा साधारण निम्माच राहतो.

जमेची बाजू लवकर संपली. रासायनिक खतातून पालाश शून्य, कारण बिलांमध्ये दरवर्षी फक्त डीएपी आणि त्यात नत्र-स्फुरदच असतं. शेणखत तीन वर्षांतून एकदा एकरी दोन ट्रॉल्या, म्हणजे वर्षाला सरासरी सात किलो पालाश. बोअरचं पाणी हरभऱ्याला दोनदा दिलं जायचं. बेसॉल्टातल्या पाण्यात पालाश अगदी थोडा असतो, म्हणून पाणी आणि पाऊस मिळून दोन किलो. वाहून जाणाऱ्या मातीचं काय, हा प्रश्न उरतो. मातीतला एकूण पालाश धरला तर तो आकडा मोठा होतो, पण त्यातला बहुतेक खनिजात बंद असतो आणि पिकाला मिळणारच नसतो. मी फक्त उपलब्ध भाग धरला, तो किलोभरही भरला नाही. चिकणमाती पालाश धरून ठेवते, त्यामुळे झिरपून होणारी तूटही इथे सोडून देण्याइतकीच. वालुकामय जमिनीत मी असं केलं नसतं.

शेहेचाळीस गेले, नऊ आले. एकरी दरसाल सदतीस किलोंची तूट. दुष्काळी वर्षांचे खरे उतारे घालून बेरीज केली, तेव्हा अठरा वर्षांत एकरी सुमारे ५५० किलो पालाश निघून गेला होता. हेक्टरी जवळपास १,४००.

आणि २००७ चा अहवाल काय म्हणत होता? उपलब्ध पालाश ६२०. आज ५०५. म्हणजे १,४०० किलो गेले आणि तपासणीला दिसले फक्त ११५.

त्याच्या आईने, म्हणजे काकूंनी विचारलं, "मग बाकीचं कुठून आलं?" त्या दिवसाचा खरा प्रश्न हाच होता. आपली नेहमीची तपासणी अमोनियम ॲसिटेटने मातीच्या कणांवर बसलेला पालाश मोजते. त्याच्यामागे चिकणमातीच्या थरांत अडकलेला राखीव साठा असतो. पिकाने कणांवरचा उचलला की हा साठा हळूहळू सुटून जागा भरतो. विहिरीतली पाण्याची पातळी झऱ्यांच्या जोरावर टिकते, तसंच हे. उपसा चालू असताना पातळी फारशी उतरली नाही म्हणून झरे तितकेच आहेत असं होत नाही. झऱ्यांचा जोर कमी झाला की पुन्हा भरायला वेळ लागतो, आणि पिकाला घाई असते ती नेमकी शेंगा भरताना, जमीन सुकत असताना. पिवळ्या कडा तेव्हाच दिसत होत्या.

राखीव साठा मोजण्यासाठी माती नायट्रिक आम्लात उकळतात आणि आलेल्या आकड्यातून कणांवरचा पालाश वजा करतात. ही चाचणी पत्रिकेत नसते, सांगून करून घ्यावी लागते. मी दोन ठिकाणची माती घेतली, शेतातली आणि लगतच्या जुन्या रुंद बांधावरची. तिथे कित्येक वर्षं नांगर फिरला नव्हता आणि पीकही निघालं नव्हतं. बांधावर ढीग किंवा राख पडलेली जागा टाळली. निकाल आला तेव्हा शेतात किलोमागे ६१० मिलिग्रॅम आणि बांधावर ९०० निघाले. वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीपुरता हा फरक हेक्टरी सुमारे ७८० किलो पालाश होतो. त्यात पत्रिकेतले ११५ मिळवले तर नऊशेच्या जवळ. उरलेले पाचशे बहुधा खालच्या थरांतून आले, कारण हरभऱ्याची मुळं पंधरा सेंटिमीटरवर थांबत नाहीत. एक बांध म्हणजे काही पक्का पुरावा नव्हे, पण वही आणि माती एकाच दिशेला बोलत होत्या.

नत्राचा ताळेबंदही मांडला, पण त्याच्यावर मी निर्णय घेऊ दिला नाही. दोन्ही पिकं हवेतलं नत्र घेतात आणि किती घेतात हे शेतात मोजणं अवघड. निम्म्याच्या आसपास धरलं तर हिशेब शून्याजवळ येतो, पण दहा टक्के इकडेतिकडे झाले की तूट किंवा शिल्लक काहीही निघतं. स्फुरदाचं चित्र मात्र स्वच्छ होतं. दोन्ही पिकांना एकेक पोतं डीएपी, म्हणजे वर्षाला एकरी ४६ किलो स्फुरद, आणि बाहेर जात होते वीसच. चुनखडीयुक्त जमिनीत ते बांधलं जातं म्हणून पत्रिकेत 'मध्यम' दिसत होतं आणि मध्यम दिसतंय म्हणून दरवर्षी आणखी पडत होतं. एका खात्यात साठत होतं, दुसरं रिकामं होत होतं, आणि पत्रिकेने दोन्ही झाकलं होतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पैसा शेतकऱ्याचा होता आणि तो पत्रिका वाचूनच तो खर्च करत होता.

शेतात फेरी मारताना आणखी एक गोष्ट दिसली. गेल्या वर्षी न विकलेल्या भुसकटाचा ढीग एका कोपऱ्यात पेटवला होता. त्या वर्तुळात सोयाबीन गर्द हिरवं होतं आणि पानांच्या कडा शाबूत. जाळल्याने नत्र आणि गंधक उडून जातं, पालाश राखेत राहतो. पाच एकरांतून गोळा झालेला पालाश त्या एका गुंठ्यात पडला होता. खळ्यावर उघड्यावर भिजणाऱ्या ढिगाखालून तपकिरी पाणी वाहत होतं, त्यातही पालाशच जात होता. काडीतला पालाश विरघळायला कुजण्याची वाट पाहत नाही, एक चांगला पाऊस पुरतो.

मी सुचवलं ते थोडं होतं. भुसकट विकणं थांबवून ते शेतात पसरायचं. हरभरा पेरणीआधी ते मातीत गाडलं तर कुजताना नत्र ओढून घेतं, म्हणून सोयाबीनचं भुसकट उन्हाळ्यात पसरायचं आणि तोवर झाकून ठेवायचं. एवढ्याने तूट सदतीसवरून चौदावर येते. उरलेल्यासाठी एकरी अर्धं पोतं म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पंधरा किलो पालाश. २०२२ च्या सुमारास त्याचं पोतं १,७०० च्या घरात गेलं होतं आणि डीएपी १,३५० ला होतं. म्हणून हरभऱ्याचं डीएपी अर्ध्यावर आणून बहुतेक खर्च तिथूनच काढला. साखर कारखान्यांच्या आसवनीतल्या राखेचं पोटॅश जवळ मिळत असेल तर तेही चालतं. त्यात पालाश साडेचौदा टक्के असतो, म्हणजे पोत्यामागे सातच किलो, आणि भाव त्या मापाने पाहायचा.

शेतकऱ्याने लगेच विचारलं, यंदा उतारा किती वाढेल. मी आकडा दिला नाही. साठा अजून बराच आहे, पाऊस सलग झाला तर पोटॅश घातलेल्या आणि न घातलेल्या भागांत फरक दिसणारही नाही. फरक दिसायचा तो उघडिपीच्या सालात. म्हणून एक एकर जसाच्या तसा सोडला आहे, तिथलं भुसकट पूर्वीसारखं विकलं जाईल, आणि दोन्हीकडचा माल वेगळा तोलून त्याची पट्टी वेगळी ठेवायचं काकूंनी अंगावर घेतलं आहे. तीन वर्षांनी पुन्हा आम्लात उकळून राखीव पालाश मोजायचा, नमुना त्याच जागांवरून, त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून.