खंड जातीचा तारा : आठवडा ३ ची नोंद

मागच्या वेळी लिहिलं होतं की खाली येणाऱ्या नोट्सवर बटण दाबायचे गेम मला फार वेळ धरत नाहीत, कारण तिथे डोळा आधी पुढे जातो आणि कान मागून येतो. सध्या सगळा वेळ `A Dance of Fire and Ice` या गेमवर जातोय. म्हापशाच्या भाच्याने लावून दिला, म्हणाला मामा, यात तुला लय दिसेल, आणि खरंच दिसते.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दोन गोळे एकमेकांभोवती फिरतात, बटण एकच, आणि वाटेचा कोन म्हणजे दोन ठोक्यांमधला काळ. सरळ वाट म्हणजे १८० अंश, म्हणजे एक मात्रा. ९० अंश म्हणजे अर्धी मात्रा, ६० म्हणजे तिसरा भाग. म्हणजे ही लिपीच झाली, आपल्या तबल्याच्या बोलांच्या लिपीत काळ असा डोळ्याला दिसत नाही.

मग विचार आला की खंड जाती म्हणजे एका मात्रेत पाच बोल, म्हणजे १८० भागिले ५, ३६ अंश. पंचकोनी ताऱ्याच्या टोकाचा कोन नेमका ३६! म्हणजे एका मात्रेत तकतकिट वाजवलं की वाटेवर अख्खा तारा उमटतो आणि शेवटी तुम्ही परत त्याच जागी येता. तिस्र जातीत, एका मात्रेत तीन बोल, तिथे त्रिकोण उमटतो. हे कागदावर काढून बघितलं तेव्हा रात्री बारा वाजता बायकोला उठवून दाखवलं.

लेव्हल एडिटरमध्ये साधी सरळ वाट करून सेव्ह केली, मग ती `.adofai` फाइल नोटपॅडमध्ये उघडून कोन हाताने टाकले. इथे आकडा म्हणजे वाटेच्या प्रत्येक फरशीची दिशा, आतला कोन नाही, म्हणून ३६ साठी दर वेळी १४४ मिळवायचे आणि ३६० किंवा त्याच्या वर गेलं की ३६० वजा करायचे:

```
"angleData": [0, 0, 0, 0, 144, 288, 72, 216, 0, 0, 0, 0]
```

आधी साध्या मात्रा, मग एका मात्रेत पाच, परत साध्या. लागोपाठ दोन तारे ठेवू नका, ते तंतोतंत एकमेकांवर पडतात आणि वाचताच येत नाहीत, मध्ये एक सरळ मात्रा हवीच.

पहिली चूक लेहऱ्यात झाली, म्हणजे तबल्यासाठी ताल धरून फिरत राहणाऱ्या सुरावटीत. पेटीवर मीच वाजवून रेकॉर्ड केला, ८० च्या लयीत वाजवतोय असं मला वाटत होतं पण थोडी चढली असणार. तीनतालाच्या तीन आवर्तनांत, म्हणजे ४८ मात्रांत, ८० ऐवजी नुसती ८०.५ लय झाली तरी सव्वादोनशे मिलिसेकंदांचा फरक पडतो, आणि ८० ला पाचातला एक बोल फक्त १५० चा असतो, म्हणजे दीड बोल गेला. मैफलीत साथीदार सांभाळून घेतो, गेम घेत नाही. मग कॉम्प्युटरवर ग्रिडला बांधून लेहरा परत केला.

दुसरं म्हणजे ब्लूटूथ हेडफोन वापरू नका, आवाजच उशिरा येतो. वायरचे लावा आणि कॅलिब्रेशन करा. चूक तुमची की मशीनची हे ओळखायची माझी रीत अशी: सगळे ठोके एकाच बाजूला, सगळे Early किंवा सगळे Late, तर ते सेटिंग. ठरावीक बोलच चुकत असेल तर तो हात.

माझा चौथा बोल दर वेळी लवकर पडायचा. कारण सापडलं ते असं की मी तक नंतरचा तकिट थोडा घाईने, चतुश्र जातीच्या सवयीने घेत होतो आणि पाचवा बोल लांबवून मात्रा भरत होतो. तबल्यावर हे बोलांच्या नादात झाकलं जातं, सम बरोबर आली की कोणी काही म्हणत नाही, आणि वीस वर्षांत माझ्याही लक्षात आलं नव्हतं. पाच दिवस लय ६० वर आणली, जिथे बोल २०० चा होतो, तोंडाने म्हणत खेळलो, मग ७०, आणि काल ८० वर लागोपाठ आठ तारे स्वच्छ गेले. लगेच तबल्यावर बसून तोच तुकडा वाजवला तर किट आता जागेवर पडतोय.

मर्यादा आहेच. बटणाला वजन नाही, धा आणि ना तिथे सारखेच, आणि समेवर येण्याचा जो भार असतो तो गेमला कळत नाही. चवथीला घुमट आरतीत शामेळ आणि कासाळं धरून लय जशी हळूहळू चढते ते इथे बसवायला अजून जमलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मिश्र जाती. १८० भागिले ७ पूर्ण येत नाही, २५.७१४, दिशा दर वेळी १५४.२८६ ने वाढवायची, सात टोकांचा तारा. ८० ला एक बोल १०७ मिलिसेकंद, त्यामुळे ५० पासून सुरू करतोय. कोणी आधीच बांधला असेल तर फाइल पाठवा.