सोन्याची फॉइल आणि फ्लक्सचा अडेल रकाना : माझा अनुभव

आमच्या विभागात पाण्याच्या टाकीत अमेरिशियम-बेरिलियमचा न्यूट्रॉन सोर्स आहे. त्यात काहीही ठेवायचं तर आधी फॉर्म भरायचा: नमुना कोणता, वजन किती, किती वेळ ठेवणार, आणि बाहेर काढल्यावर अपेक्षित ॲक्टिव्हिटी किती बेकरेल, म्हणजे दर सेकंदाला किती अणू विघटित होणार. बाकी सगळं दहा मिनिटांत झालं. या शेवटच्या रकान्यावर मात्र फॉर्म परत आला, मग परत आला, आणि ज्या कारणासाठी परत येत होता ते कारण फॉर्मवरच लिहिलेलं नव्हतं. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहून काढते. कुणाला पुढे उपयोग झाला तर बरंच.

नमुना म्हणजे सोन्याची फॉइल. १२ मिलिमीटर व्यासाची चकती, जाडी २५ मायक्रॉन. सोनं-१९७ ने न्यूट्रॉन गिळला की सोनं-१९८ होतं. त्याचं अर्धायुष्य २.६९५ दिवस आणि गॅमा ४१२ केईव्हीचा, एकदम ठसठशीत. फॉइलचं वजन ०.०५४६ ग्रॅम भरलं. (जाडी मोजून घनफळ काढत बसू नका. २५ मायक्रॉनमध्ये दोन मायक्रॉन इकडे तिकडे झाले तर आठ टक्के गेले. सरळ सूक्ष्म तराजूवर वजन करा, आणि फॉइल चिमट्यानेच उचला.) वजनावरून अणूंची संख्या N निघते, आणि मग सूत्र एकच. R म्हणजे अभिक्रियेचा दर, σ म्हणजे क्रॉस सेक्शन, φ म्हणजे फॉर्मवर छापलेला न्यूट्रॉनांचा फ्लक्स:

```
R = N × σ × φ
N = (0.0546 / 196.97) × 6.022e23 = 1.67e20
σ = 98.65 barn = 98.65e-24 cm^2
φ = 1.0e4 n/cm^2/s
R = 165 प्रति सेकंद
```

बार्न म्हणजे दहाचा उणे चोविसावा घात इतके चौरस सेंटिमीटर. सगळी एककं सेंटिमीटरमध्येच ठेवली की घात चुकायची भीती राहत नाही. ९८.६५ बार्न हा आकडा मात्र जरा थांबून बघण्यासारखा आहे. सोन्याच्या अणुकेंद्राची त्रिज्या साधारण ७ फेम्टोमीटर, म्हणजे त्याचं खरंखुरं क्षेत्रफळ जेमतेम दीड बार्न. क्रॉस सेक्शन त्याच्या साठपटीहून जास्त. तेव्हा क्रॉस सेक्शन ही केंद्राची सावली नव्हे. अभिक्रिया होण्याची शक्यता क्षेत्रफळाच्या भाषेत मांडलेली असते, आणि ती न्यूट्रॉनच्या वेगाप्रमाणे बदलते. पुढचा सगळा गोंधळ याच शेवटच्या वाक्यातून निघाला.

फॉइल तीन दिवस टाकीत ठेवायची होती. तेवढ्यात ॲक्टिव्हिटी संपृक्त पातळीच्या, म्हणजे वरच्या १६५ च्या, ५४ टक्क्यांवर पोचते, म्हणून मी ८९ बेकरेल लिहून फॉर्म दिला. परत आला तेव्हा वर पेन्सिलीने ७८ लिहिलेलं, आणि शेजारी “सरासरी σ घ्या”.

सुरक्षा बघणाऱ्या सरांकडे गेले. ते म्हणाले, “अगं, ९८.६५ हा २२०० मीटर प्रति सेकंद या एकाच वेगाचा क्रॉस सेक्शन आहे. टाकीतले न्यूट्रॉन काय सगळे एकाच वेगाने जातात का? मॅक्सवेलचं वाटप घे, सरासरी काढ. ८७.४ बार्न येतात.”

गणित त्यांचं बिनचूक होतं. २० अंश सेल्सिअसच्या आसपास मॅक्सवेल वाटपासाठी ९८.६५ ला ०.८८६ ने गुणायचं, ८७.४ येतात. मी विचारलं, “पण सर, फॉर्मवर छापलेला दहा हजारांचा फ्लक्स कोणता आहे?” यावर “थर्मल” एवढंच उत्तर मिळालं, म्हणजे पाण्यात आदळून मंदावलेल्या न्यूट्रॉनांचा. फॉर्मवरही तेवढंच: थर्मल फ्लक्स, दहा हजार. पुढे काही नाही. आणि सगळी मेख तिथेच होती.

कारण थर्मल फ्लक्स सांगायच्या दोन पद्धती आहेत. फ्लक्स म्हणजे न्यूट्रॉनची घनता गुणिले वेग. आता या वेगांच्या पट्ट्यात सोन्याचा क्रॉस सेक्शन वेगाच्या व्यस्त प्रमाणात जातो: न्यूट्रॉन दुप्पट वेगाने आला तर गिळला जाण्याची शक्यता निम्मी. म्हणजे फ्लक्स आणि क्रॉस सेक्शनचा गुणाकार केला की वेग वरून खालून कटून जातो. अभिक्रियेचा दर फक्त घनतेवर राहतो, दर घनसेंटिमीटरमध्ये कोणत्याही क्षणी किती न्यूट्रॉन आहेत त्यावर. आमच्या टाकीत, दहा हजारांचा फ्लक्स २२०० मीटरच्या हिशेबातला धरला तर, ही घनता ०.०४५ येते. बावीस घनसेंटिमीटर पाण्यात एका क्षणी एखादा न्यूट्रॉन! एवढ्या विरळ गर्दीवर आमचा एवढा वाद.

मग जुन्या लोकांनी एक सोय केली: घनतेला सरळ २२०० मीटर प्रति सेकंदाने गुणायचं आणि त्याला फ्लक्स म्हणायचं. हा रूढ फ्लक्स. त्याच्यासोबत ९८.६५ बार्न वापरायचे, सरासरी करायची नाही, कारण ती आधीच कटून गेली आहे. दुसरी पद्धत म्हणजे खरा फ्लक्स: घनता गुणिले मॅक्सवेलचा सरासरी वेग, जो २४८२ मीटर प्रति सेकंद असतो. त्याच्यासोबत ८७.४ बार्न. दोन्हीकडून दर तोच येतो. घोळ जोडी तुटली की होतो. दुधाचा भाव लिटरचा धरायचा आणि दूध किलोने मोजायचं, असला प्रकार. रूढ फ्लक्सला सरासरी सिग्मा लावला तर दर ११ टक्क्यांनी कमी येतो, खऱ्या फ्लक्सला ९८.६५ लावले तर १३ टक्क्यांनी जास्त.

म्हणजे सरांचं ७८ बरोबर की माझं ८९, हे भौतिकशास्त्र सांगूच शकत नव्हतं. ते दहा हजार कुणी, कसे मोजले यावर ते अवलंबून होतं. आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. ऑफिसात विचारलं तर “फॉर्म आधीपासून असाच आहे.” सरांना विचारलं तर “तू सरासरी घेऊन टाक ना, कमी आकडा आला तर तुझंच काम होईल.” मला याचाच संताप आला. सुरक्षेच्या फॉर्मवर आकडा कमी यावा म्हणून पद्धत निवडायची?

शेवटी लॅबमधले काका मदतीला आले. “कपाटात जुन्या वह्या आहेत, बघ बाई,” म्हणाले. धूळ झटकून झटकून एक वही सापडली. त्यात टाकीचा फ्लक्स मोजलेला: सोन्याचीच फॉइल, एकदा मोकळी, एकदा कॅडमियमच्या डबीत, दोन्हींची वजाबाकी, आणि भागाकारात σ = 98.7. आकडेमोड शाईने, स्वच्छ. ९८.७ ने भागून काढलेला फ्लक्स म्हणजे रूढ फ्लक्स. प्रश्न मिटला, ९८.६५ च घ्यायचे. वही जुनी असली तरी आकडा चालतो, कारण अमेरिशियम-२४१ चं अर्धायुष्य ४३२ वर्षांचं. सोर्स कॅलिफोर्नियम-२५२ चा असता तर २.६५ वर्षांच्या अर्धायुष्यामुळे ती वही रद्दीत गेली असती.

वहीच्या त्या पानाची झेरॉक्स फॉर्मला जोडली. सरांनी पान वाचलं, “हं” म्हणाले आणि सही केली. त्या “हं”चं समाधान मी बरेच दिवस पुरवून वापरलं.

आता फॉर्मवर नसलेली, पण आकड्यात फरक पाडणारी दुसरी गोष्ट: मीन फ्री पाथ. सोन्यात दर घनसेंटिमीटरला ५.९ गुणिले दहाचा बाविसावा घात इतके अणू असतात. त्याला ९८.६५ बार्नने गुणलं की ५.८२ प्रति सेंटिमीटर येतात. त्याचा व्यस्त म्हणजे मीन फ्री पाथ, १.७ मिलिमीटर. थर्मल न्यूट्रॉन गिळला जाण्याआधी सोन्यात सरासरी एवढा जाईल. २५ मायक्रॉनची फॉइल त्यापुढे नगण्य वाटते, पण टाकीत न्यूट्रॉन चहूबाजूंनी येतात आणि तिरके येणारे फॉइलमधून लांबचा रस्ता काढतात. त्यामुळे आतल्या थराला पोचणारा फ्लक्स थोडा घटतो आणि दर साधारण ३.७ टक्क्यांनी कमी होतो. माझे ८९ तिथे ८५ वर आले.

खरा धक्का ४.९ इलेक्ट्रॉनव्होल्टला आहे. तिथे सोन्याचं रेझोनन्स आहे आणि क्रॉस सेक्शन पंचवीस-तीस हजार बार्नपर्यंत चढतो. तोच हिशेब करा, मीन फ्री पाथ ६-७ मायक्रॉन. म्हणजे या ऊर्जेचे न्यूट्रॉन २५ मायक्रॉनच्या फॉइलच्या कातडीतच संपतात, आतल्या सोन्याला ते दिसतही नाहीत. म्हणून या भागाचा दर सरळ N σ φ ने काढता येत नाही, वेगळा मोजावा लागतो. त्यासाठीच कॅडमियम. त्यात थर्मल न्यूट्रॉनचा मीन फ्री पाथ ०.०९ मिलिमीटरहूनही कमी, तेव्हा एक मिलिमीटर जाडीच्या डबीतून थर्मल जवळजवळ कुणीच आत जात नाही, पण अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे बहुतेक जातात. डबीचं झाकण कडेला नीट बसलंय ना ते बघा. फट राहिली तर थर्मल तिथून आत शिरतात आणि वजाबाकी खोटी ठरते. कॅडमियम विषारी आहे, हातमोजे घाला.

मोकळी फॉइल १३१ बेकरेल निघाली, डबीतली ४४. वजाबाकी ८७, माझ्या ८५ च्या शेजारी. डिटेक्टरच्या कार्यक्षमतेतलीच अनिश्चितता त्याहून जास्त असते, त्यामुळे मी खूश होते.

पण आकडे पुन्हा बघा. ज्या मोकळ्या फॉइलसाठी फॉर्म भरला होता, ती १३१ ची निघाली. आम्ही भांडलो ७८ की ८९ यावर, आणि कॅडमियमपलीकडच्या न्यूट्रॉनांनी गुपचूप निम्म्याइतकी भर घातली, जिच्यासाठी फॉर्मवर रकानाच नाही. १३१ बेकरेल म्हणजे काहीच नाही, धोका शून्य. पण उद्या कुणी जास्त वजनाचं इंडियम घेऊन आलं, ज्याचं रेझोनन्स १.४६ इलेक्ट्रॉनव्होल्टला बसलंय, तर फॉर्मवरचा आकडा असाच तोकडा पडणार. मी अर्ज दिला: फ्लक्स रूढ की खरा ते छापा, आणि सोर्सपासून कोणत्या अंतरावर कॅडमियम रेशो, म्हणजे मोकळ्या फॉइलची ॲक्टिव्हिटी डबीतलीच्या किती पट, ते शेजारी द्या. अर्ज “विचाराधीन” आहे. तोवर आमच्या टाकीत काही ठेवणार असाल तर वहीच्या त्या पानाची झेरॉक्स माझ्याकडून घेऊन जा, आणि फॉइल बाहेर काढल्याची वेळ मिनिटापर्यंत लिहून ठेवा. सोन्याला फरक पडत नाही, पण न्यूट्रॉन गिळलेल्या इंडियमचं अर्धायुष्य ५४ मिनिटांचं आहे.